कॉफीमुळे पिंपल्स, काळी वर्तुळं, केसगळती : कपातल्या कशाचा दोष आणि कशाचा नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. ऑफिसमध्ये दिवसाला चार-पाच कप कॉफी होते. वर्षभरात हनुवटीवर पिंपल्स वाढलेत, डोळ्यांखाली काळं झालंय आणि विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो. आई म्हणते, आधी कॉफी बंद कर. इन्स्टावर मात्र कॉफीचाच फेसपॅक, डोळ्यांखाली कॉफी आणि केसांना कॉफीचं पाणी लावायला सांगतात. यातलं खरं काय?

उत्तर :

बावीस वर्षं मी त्वचेचे आणि केसांचे रुग्ण तपासते आहे. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालंय. कॉफीच्या बीमध्ये जे असतं त्याचा चेहऱ्याशी आणि केसांशी थेट संबंध फार थोडा आहे. कपात कॉफीच्या जोडीला काय पडतं, तो कप दिवसाच्या कोणत्या वेळी पोटात जातो आणि जेवणापासून किती अंतरावर जातो, या तीन गोष्टींचा संबंध मात्र खरा आहे. तुमच्या आईंचं म्हणणं त्यामुळे अर्धं बरोबर ठरतं. रीलमधलं बहुतेक काही टिकत नाही, आणि त्यातल्या एका गोष्टीने तर नुकसानच होतं.

पिंपल्सपासून सुरुवात करते. पिंपल तयार होतो तो असा : केसाच्या मुळाशी असलेली तेलग्रंथी जास्त तेल सोडते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत अडकलेल्या तेलात जंतू वाढतात आणि भोवती सूज येते. तेलग्रंथीला हुकूम मिळतो तो पुरुषी संप्रेरकांकडून. ही संप्रेरकं बायकांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतातच. या साखळीला इन्सुलिन आणि त्याच्याच घराण्यातलं आयजीएफ-१ नावाचं वाढीचं संप्रेरक आणखी जोर देतं. कॅफीनने ही साखळी सुरू होते किंवा वाढते, असं माणसांवरच्या कोणत्याही भक्कम अभ्यासाने दाखवलेलं नाही. ‘कॉफीने कॉर्टिसॉल वाढतं आणि त्याने पिंपल्स येतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचा पहिला भाग थोडासा खरा आहे. कॅफीनने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, काही काळ वर जातं, पण रोज पिणाऱ्यांत ही वाढ बरीच कमी होते. तिथून पुढे पिंपलपर्यंतचा रस्ता कोणी दाखवलेला नाही.

पण आपण कॉफी म्हणतो तेव्हा कपात काय असतं, ते बघा. युरोपातल्या अभ्यासात कॉफी म्हणजे बहुतेक वेळा गाळलेली काळी कॉफी. आपल्याकडे घरची कॉफी म्हणजे दूध उकळून त्यात चमचाभर पावडर, दोन चमचे साखर आणि आजी असेल तर वरून किसलेलं जायफळ. ऑफिसच्या मशीनमधली कॉफी बऱ्याचदा प्रीमिक्सची असते, म्हणजे साखर आणि दूध पावडर आधीच आत मिसळलेली. तिथे ‘साखर कमी’ म्हणायची सोयच नसते. कोल्ड कॉफी तर आइस्क्रीम घातलेला गोड पदार्थच आहे. दीडशे मिलिलिटरचे चार कप दुधाच्या कॉफीचे धरले, तर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास दूध आणि आठ चमचे साखर होते. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ती ३२ ग्रॅम भरते. वरून मिसळलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. ती मर्यादा नुसत्या कॉफीनेच ओलांडली.

साखरेबद्दलचा पुरावा बरा आहे. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत विभागलं. एका गटाने १२ आठवडे रक्तातली साखर हळू चढेल असा आहार घेतला, दुसऱ्याने नेहमीचा. दोन्ही गटांचे पिंपल्स कमी झाले, पण पहिल्या गटाचे जवळजवळ दुपटीने. त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय साखरेला देता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

दुधाचा पुरावा त्यापेक्षा कच्चा आहे, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण हल्ली पिंपल आला की लोक दूध-दही सगळं एकदम तोडतात. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका परीक्षणात सुमारे ७८ हजार मुलं आणि तरुण होते. त्यात दूध आणि दुधाचे पदार्थ घेणाऱ्यांत पिंपल्स असण्याची शक्यता साधारण पाव पटीने जास्त दिसली. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. दूध दिलं आणि पिंपल आला, असं कोणी करून पाहिलेलं नाही. साय काढलेल्या दुधाशी हा संबंध काही अभ्यासांत जास्त दिसला, म्हणजे दोष स्निग्धांशाचा नसावा. माझ्या अनुभवात दूध कमी केल्याने काहींना चांगला फरक पडतो आणि बऱ्याच जणांना काहीच पडत नाही. आपण कोणत्या गटात आहोत, हे स्वतःवर पाहूनच कळतं.

आणि ते पाहण्याची पद्धत इथेच चुकते. लोक आठ दिवस कॉफी सोडतात, नवव्या दिवशी पिंपल येतो आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून पुन्हा सुरू करतात. आज दिसणाऱ्या पिंपलचा बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेला असतो. म्हणून निदान ८ आठवडे, शक्यतो १२ आठवडे द्यावे लागतात. शिवाय बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या आठवड्यात पिंपल्स वाढतातच. पाळी झाल्यावरच्या आठवड्यात कॉफी सोडली तर चेहरा सुधारल्यासारखा वाटतो आणि कॉफीवर खोटा आळ येतो. तुलना करायची ती पाळीच्या त्याच दिवसांशी. उदाहरणार्थ, या महिन्यातला पाळीचा दहावा दिवस आणि तीन महिन्यांनंतरचा दहावा दिवस. त्याच खिडकीत, त्याच उजेडात, मेकअपशिवाय फोटो काढा आणि फक्त हनुवटीवरचे उठाव मोजा. या काळात कॉफी सोडू नका, तिची साखर काढा आणि दूध चमचाभरावर आणा. कॉफी सुरूच राहिली आणि चेहरा सुधारला, तर दोष कशाचा होता ते तुमचं तुम्हालाच कळेल.

जिम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता : कॉफीत व्हे प्रोटीन घालून पिणारे तरुण माझ्याकडे पाठीवर आणि छातीवर पिंपल्स घेऊन येतात. व्हे हा दुधाचाच भाग आहे आणि इन्सुलिन चांगलंच चढवतो. तिथे मी आधी तो डबा बंद करायला सांगते, कॉफी नंतर.

गाल लाल होऊन त्यावर पुळ्या येणारा रोझेशिया नावाचा एक वेगळा आजार आहे. लोक त्यालाही पिंपल्सच समजतात. त्यात कॉफी वर्ज्य, असं आम्ही डॉक्टरही पूर्वी सांगायचो. २०१८ साली अमेरिकेतल्या ८२ हजारांहून अधिक परिचारिकांच्या अभ्यासात उलटं दिसलं. जास्त कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया कमी आढळला. त्रास होत असेल तर तो पेयाच्या गरमपणामुळे. तेव्हापासून मी या रुग्णांना कॉफी कोमट करून पिण्याची मोकळीक देते.

आता फेसपॅक. कॉफीचा चोथा, मध आणि लिंबू हे मिश्रण पिंपल्स असलेल्या चेहऱ्यावर घासू नका. ही विनंती नाही, मी स्पष्ट मनाई करते आहे. कॉफीचे कण टोकदार आणि कमी-जास्त आकाराचे असतात. घासल्यावर चेहरा गुळगुळीत लागतो, कारण वरचा थर खरवडला गेलेला असतो. आतल्या बुचापर्यंत ते कण पोचतच नाहीत. सुजलेला पिंपल मात्र फुटतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. जराशी सूज आली की त्या तिथे तपकिरी डाग ठेवून जातात, आणि पिंपल आठवड्यात गेला तरी तो डाग कित्येक महिने राहतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर वेगळीच भाजल्यासारखी इजा होते आणि तिचाही डाग पडतो.

यापुढची पायरी मला जास्त घाबरवते. डाग पडले की मुलगी औषधाच्या दुकानातून चेहरा उजळणारी ट्यूब आणते. तिच्यात बऱ्याचदा तीव्र स्टिरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पिंपल्स पूर्वीपेक्षा वाढतात आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग होते. माझ्याकडे येणाऱ्या चिवट पिंपल्सच्या कितीतरी गोष्टी अशाच घरच्या स्क्रबपासून सुरू झालेल्या आहेत.

डोळ्यांखालच्या काळेपणाला आपण एकच नाव देतो, पण तो तीन वेगळ्या कारणांनी येतो. कोणता आहे हे आरशासमोर बऱ्यापैकी ओळखता येतं. खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा आणि खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणा. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावर तसाच राहिला, तर ते रंगद्रव्य आहे. रंग निळसर-जांभळा असेल आणि ताणल्यावर जास्त गडद झाला, तर पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसत आहेत. आता छताकडे बघा. मान वर केल्यावर समोरून उजेड पडतो. तेव्हा काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला, तर ती खोबणीची सावली आहे. हाडाची ठेवण, उतरलेलं वजन किंवा वय यामुळे ती पडते. बऱ्याच जणींमध्ये दोन प्रकार एकत्र असतात.

आपल्याकडे तपकिरी प्रकार फार दिसतो. आई, मावशी, आजोबा यांचे जुने फोटो मागवले की अर्धं निदान तिथेच होतं. दुसरं मोठं कारण म्हणजे डोळे चोळणं. सकाळी शिंका, नाक गळणं, डोळ्यांना खाज असा ॲलर्जीचा त्रास असणारी माणसं नकळत दिवसभर डोळे चोळतात आणि तिथली त्वचा काळी पडत जाते. अशांना डोळ्यांखालच्या क्रीमपेक्षा ॲलर्जीच्या औषधाचा उपयोग जास्त होतो.

कॉफी पिण्याचा इथे संबंध कुठे येतो? ‘कॉफीने शरीरातलं पाणी जातं म्हणून डोळे खोल जातात’ हा दावा तपासलेला आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना रोज चार कप कॉफी देऊन आणि तेवढंच पाणी देऊन दोन्ही वेळा शरीरातलं पाणी मोजलं. फरक आढळला नाही. खरा संबंध झोपेचा आहे. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं रक्तातून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला दोन चमचे इन्स्टंट पावडरची कडक कॉफी घेतली, तर साधारण १२० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं. रात्री अकराला त्यातलं ६० मिलिग्रॅम उरलेलं असतं, म्हणजे उशीवर डोकं टेकताना एक साधा कप प्यायल्यासारखंच. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे त्यांची दुपारची कॉफीही रात्रीपर्यंत पुरते. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाभराहून जास्त कमी केली. ‘मला कॉफी घेऊनही झोप लागते’ असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कारण झोप लागते खरी, पण तुटक आणि कमी.

झोप कमी झाली की चेहरा फिकट पडतो आणि खालची पापणी फुगते. पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ. फिकट त्वचेतून रक्तवाहिन्या उठून दिसतात आणि फुगीरपणाची सावली पडते. म्हणून जांभळा आणि सावलीचा प्रकार झोपेने कमी-जास्त होतो. तपकिरी प्रकार झोपेने हलत नाही. ही गोष्ट आधी कळली तर महिनाभर लवकर झोपूनही फरक पडला नाही म्हणून येणारी निराशा टळते.

डोळ्यांखाली लावायच्या कॅफीनच्या क्रीममागे विचार असा की कॅफीन रक्तवाहिन्या आकुंचित करतं. ३ टक्के कॅफीनच्या जेलची ३४ जणांवर थायलंडमध्ये चाचणी झाली. त्यात डोळ्यांची सूज उतरली, पण मुख्य श्रेय जेलच्या गारव्याला गेलं. कॅफीन नसलेल्या जेलपेक्षा वेगळा फायदा साधारण चौघांतल्या एकालाच दिसला. म्हणजे फ्रीजमधला चमचा पाच मिनिटं ठेवलात तरी सकाळच्या सुजेचं बरंचसं काम होतं. ही क्रीम सहसा निरुपद्रवी असते, लावायला माझी हरकत नाही, पण तपकिरी रंग ती काढत नाही. घरची कॉफी पावडर मात्र डोळ्यांजवळ नको. कण डोळ्यात जातात, आणि चोळण्याचा धोका तर वर सांगितलाच आहे.

केसांच्या बाबतीत कॅफीनची गोष्ट खरंच रंजक आहे, म्हणून जरा थांबून सांगते. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी २००७ साली टक्कल पडू लागलेल्या १४ पुरुषांच्या डोक्यातली केसांची मुळं काढून प्रयोगशाळेत द्रावणात वाढवली. टेस्टोस्टेरॉन घातल्यावर वाढ मंदावली, आणि अगदी थोडं कॅफीन घातल्यावर ती पुन्हा सुधारली. प्रयोग चांगला होता. अडचण एवढीच की बशीतलं मूळ म्हणजे डोकं नव्हे. या एका प्रयोगाच्या जोरावर कॅफीनचे शॅम्पू जगभर विकले गेले. २०१८ साली ब्रिटनच्या जाहिरात नियामकांनी अशाच एका नामवंत शॅम्पूला ‘केसगळती कमी करतो’ असं म्हणायला मनाई केली, कारण डोक्यावर शॅम्पू लावून ते सिद्ध झालेलं नव्हतं.

दुसरा अभ्यास आपल्या घरचा आहे. २०१७ साली मुंबईतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने भारतातल्या काही केंद्रांवर २१० पुरुषांची चाचणी झाली. एका गटाने ०.२ टक्के कॅफीनचं द्रावण लावलं, दुसऱ्याने ५ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केसगळतीवर नेहमी वापरलं जाणारं औषध. सहा महिन्यांनी वाढीच्या अवस्थेतल्या केसांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच सुधारलं होतं. ऐकायला फार छान वाटतं. पण कोण काय लावतंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं, आणि नुसतं साधं द्रावण लावणारा तिसरा गट नव्हता. त्यामुळे कॅफीनचं द्रावण आशादायक आहे एवढंच मी म्हणेन. मिनॉक्सिडिलच्या जागी मी ते अजून लिहून देत नाही. शिवाय हे सगळं पुरुषांच्या वंशपरंपरागत टकलाबद्दल आहे. लावून तसंच ठेवायचं, प्रमाण ठरलेलं द्रावण ते. घरी उकळलेल्या कॉफीच्या पाण्यात कॅफीन किती हे कोणालाच माहीत नसतं आणि दहा मिनिटांत आपण ते धुऊन टाकतो. त्याने केस वाढल्याचा काहीही पुरावा नाही. केसांवर तपकिरी झाक येते आणि उशीचा अभ्रा खराब होतो, एवढं नक्की.

आणि प्यायलेल्या कॉफीने केस गळतात का? थेट नाही. पण एका आडवाटेने कॉफी केसांपर्यंत पोचते, आणि तुमच्या वयाच्या मुलींमध्ये ही वाट मला वारंवार दिसते. ती वाट आहे लोहाची.

डाळी, पालेभाज्या, नाचणी, बाजरी यांतलं लोह आतड्यात शोषलं जायला मुळातच अवघड असतं. कॉफी आणि चहातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं त्या लोहाला बांधून ठेवतात. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबत एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने तर ६४ टक्क्यांनी. सगळ्यात उपयोगी निष्कर्ष वेळेबद्दलचा होता. जेवणाच्या एक तास आधी कॉफी घेतली तर काही बिघडलं नाही. जेवणानंतर एक तासाने घेतली तरी नुकसान जेवणासोबत घेतल्याएवढंच झालं. अन्न तोवर आतड्यात असतंच. दोष पॉलिफेनॉलचा असल्याने कॅफीन काढलेल्या कॉफीनेही सुटका होत नाही.

ज्याच्या शरीरात लोहाचा साठा भरपूर आहे, त्याला याने फरक पडणार नाही. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय होता, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांना. साठा आधीच तळाला गेलेला असतो, वर दर महिन्याला पाळीत रक्त जातं, आणि डब्यातल्या भाजी-भाकरीनंतर लगेच कॉफी.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. हिंजवडीत काम करणारी २७ वर्षांची मुलगी तुमच्यासारख्याच तिन्ही तक्रारी घेऊन आली होती. शाकाहारी. सकाळी पोह्यांसोबत दुधाची कॉफी, डबा झाला की लगेच मशीनची कॉफी, चारला आणखी एक, आणि अमेरिकेच्या वेळेतल्या मीटिंगसाठी रात्री साडेआठला चौथी. झोप जेमतेम पाच तास. विचारल्यावर कळलं की दोन वर्षांपासून अंगावरून जास्त जात होतं, सात-सात दिवस. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. डोक्याचा भांग रुंद झालेला नव्हता, केस सगळीकडून सारखेच विरळ होत होते, आणि बोटांनी हलकेच ओढल्यावर सहा-सात केस सहज हातात आले. पापणी ताणली तर तपकिरी रंग तसाच राहिला. आईला सोबत आणलं होतं, तिच्याही डोळ्यांखाली तोच रंग.

मी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईडची तपासणी करायला सांगितली. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप. हिमोग्लोबिन घसरण्याच्या बरंच आधी ते खाली जातं, म्हणून ‘माझं हिमोग्लोबिन ठीक आहे’ एवढ्यावर मी थांबत नाही. ते १५ च्या खाली गेलं तर साठा संपलाच समजायचा, आणि केस गळत असतील तर ३० च्या खालचा आकडाही मी गंभीरपणे घेते. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं येतं, त्यामुळे तेव्हा तपासू नये. तिचं हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटिन ८ आलं. थायरॉईड ठीक होतं.

कॉफी मी बंद केली नाही. सकाळची कॉफी उठल्याबरोबर, नाश्त्याच्या तासभर आधी ठेवली. डब्यानंतरची काढून दुपारी तीनला नेली, काळी किंवा थोड्या दुधाची, बिनसाखरेची. त्यानंतर कॉफी नाही. लोहाची गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी, लिंबूपाण्यासोबत एक दिवसाआड घ्यायला सांगितली. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त चांगलं शोषलं जातं असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, आणि पोटाचा त्रासही कमी होतो. जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण गळती न थांबवता टाकी भरत बसण्यात अर्थ नव्हता. गर्भाशयात छोटा पॉलिप, म्हणजे मांसल वाढ, सापडला आणि तो काढला. पिंपल्ससाठी रात्री ॲडापलीन ०.१ टक्के, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला आणि पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि वर सनस्क्रीन. गरोदर असलेल्या किंवा तसा विचार करणाऱ्या बाईने ॲडापलीन लावू नये, हे तिला लिहून दिलं.

दीड महिन्याने ती आली ती रडवेली होऊन. केस तेवढेच गळत होते. केसाचं मूळ विश्रांतीला गेलं की केस प्रत्यक्ष सुटायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे तेव्हा गळणारे केस उपचार सुरू होण्याआधीच सुटायचे ठरले होते. हे आधी नीट समजावून सांगायला हवं होतं, ती चूक माझी. चौथ्या महिन्यात गळती रोजच्या पन्नास-शंभरावर आली आणि कपाळाच्या कडेला छोटे नवे केस दिसले. फेरिटिन ३४ झालं होतं. हनुवटीवर महिन्याला एखाद-दुसरा पिंपल उरला. सकाळचा फुगीरपणा गेला. डोळ्यांखालचा तपकिरी रंग तसाच होता, आणि तो तसाच राहणार आहे हे तिने आईकडे बघून स्वीकारलं.

तुमच्या बाबतीत लोह कमी असेलच असं मी इथून सांगू शकत नाही. गळतीच्या दोन-तीन महिने आधी डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक डाएट झालं होतं का, ते आठवा. पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील आणि पिंपल्स जबड्याच्या कडेनेच येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करावी लागेल. भांग मधोमध रुंद होत असेल, तर तो वंशपरंपरागत प्रकार असू शकतो आणि त्यावर मिनॉक्सिडिल जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं. पैशाएवढी गोल टक्कल पडली असेल किंवा डोक्याची त्वचा लाल होऊन खवले येत असतील, तर तपासण्यांची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

या आठवड्यात तुम्ही तीन गोष्टी करा. स्क्रब थांबवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईडसाठी टीएसएच तपासून घ्या. कॉफी दोन-तीन कपांवर आणा, बिनसाखरेची, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर, आणि शेवटचा कप तीनच्या आत. चार-पाच कपांवरून एकदम शून्यावर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी डोकं असं दुखतं की बहुतेक जण तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच कपांवर येतात. दर तीन दिवसांनी एक कप कमी केला की हा त्रास होत नाही. आणि घरी चहा होत असेल, तर जेवणापासूनच्या अंतराचा नियम त्याला कॉफीपेक्षा कडक लावा.